काकांचा हातचा एक तास

तिला सगळे पावणेताई म्हणत. खरं नाव तिच्या घरच्यांना आणि मला माहीत होतं, पण ते कुणी वापरत नसे. ती कुणालाच पूर्ण तासाची वेळ देत नसे, म्हणून हे नाव पडलं. ती म्हणायची, "सात वाजता म्हटलं की माणूस सात ते आठ ऐकतो. पावणेसात म्हटलं की जरा थबकतो."

तिचा व्यवसाय समारंभ उभे करण्याचा. कंपन्यांचे वार्षिक दिवस, परिषदा, बक्षीस समारंभ. तिच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं. स्टेज एकाचं, लाइट दुसऱ्याचे, साउंड तिसऱ्याचा, खुर्च्या चौथ्याच्या, फुलं फुलवालीची. ही माणसं आणि त्यांचे टेम्पो एका अरुंद दारातून, एकामागून एक, एकमेकांच्या पायात न येता आत सोडायचे. हे तिचं काम. ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीजवळचं टेबल.

"माझ्याकडे आहे काय?" ती म्हणायची. "एक फोन, एक वही आणि माझा शब्द. मी वेळ सांगितली म्हणजे ती वेळ. ज्या दिवशी लोकांनी ती मानायचं सोडलं, त्या दिवशी मी घरी भाकऱ्या थापायला मोकळी."

"त्या तरी कुठे वेळेवर होतात?" आतून तिचा नवरा.

मी साहित्य शिकले आणि घरी बसले. आमच्या आया एकाच शाळेत शिकवायच्या, एवढ्या ओळखीवर तिने मला बोलावलं. तिला मेल लिहायचा कंटाळा होता. ती तोंडी सांगायची, मी लिहायचे. पंधरा वर्षांचं अंतर होतं आमच्यात, तरी मैत्री झाली. मी तिला ताई म्हणायचे, पण ताईशी बोलतात तशी जपून कधी बोलले नाही.

पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "सगळ्यांना एकच मेल पाठवू. खाली तक्ता. कोण कधी येणार, ते सगळ्यांना दिसेल."

"अजिबात नाही," ती म्हणाली. "प्रत्येकाला वेगळा. एकाची वेळ दुसऱ्याला कळता कामा नये."

मग तिने वही उघडली. डाव्या बाजूला खऱ्या वेळा. उजव्या बाजूला सांगायच्या वेळा. दोन्हींच्या मध्ये बारीक अक्षरात एक आकडा. त्याला ती हातचा म्हणायची. बेरजेत धरतात तसा.

"साउंडवाला पंधरा मिनिटं उशिरा येतो. कधीच वीस नाही, कधीच दहा नाही. म्हणून त्याचा हातचा पंधरा. खुर्चीवाल्याचा अर्धा तास. लाइटवाला मिनिटाला पक्का, त्याचा शून्य. फुलवालीचाही शून्य, फुलं कोमेजतात म्हणून ती स्वतःच जपते."

"आणि स्टेजवाले काका?"

"काकांचा एक तास." ती हसली. "देवमाणूस आहेत. माझं पहिलं काम त्यांनी केलं. मला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा नुसत्या शब्दावर स्टेज टाकलं. पण तास म्हणजे तास."

"त्यांना कधी सांगितलं नाहीस? उशीर होतो म्हणून?"

"कशाला? त्यांना वाईट वाटेल. मला खरं सांगता येत नाही गं माणसांना तोंडावर. त्यापेक्षा हे बरं. ते त्यांच्या वेळेवर येतात, मला माझ्या वेळेवर मिळतात. कुणी कुणाला बोलत नाही."

हे खरं होतं. इतकी माणसं, इतकी घाई, आणि तिचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. इतर ठिकाणी स्टेजच्या मागे शिव्यांचा पाऊस असतो. तिच्याकडे नसे. लोक म्हणायचे, पावणेताईकडे काम म्हणजे शांत काम. मला तो हातचा फार आवडला होता. मला वाटलं, ही माणसं वाचायची कला आहे.

घरीही तेच चालायचं. लग्न बाराचं असलं की ती नवऱ्याला अकराचं सांगायची.

"मी ओळखून आहे," तो मला एकदा म्हणाला. "मी मुद्दाम तासभर उशिरा निघतो. बिचारीची लबाडी फुकट जायला नको."

ती ऐकून हसली होती. आम्ही तिघंही हसलो होतो.

* * *

त्या दिवशीचा समारंभ एका मोठ्या कंपनीचा होता. संध्याकाळी सहाला सुरू. पण सकाळी त्याच हॉलमध्ये दुसऱ्यांचं शिबिर होतं, आणि हॉल हातात येणार होता दुपारी बाराला. म्हणजे रिकाम्या फरशीपासून सजलेल्या हॉलपर्यंत सहा तास. हॉलच्या मागे एक गल्ली, गल्लीच्या टोकाला एक उतार. उतारावर एका वेळी एकच टेम्पो मावतो. तो बाहेर निघाल्याशिवाय दुसऱ्याला आत जाता येत नाही.

तिने दोन दिवस त्या क्रमावर काढले. आधी लाइटवाला, कारण त्याची लोखंडी चौकट मोकळ्या फरशीवर जोडून वर खेचावी लागते. खाली स्टेज असेल तर ती जोडताच येत नाही. चौकट वर गेली की तिच्याखाली स्टेज. स्टेज झालं की साउंड. मग खुर्च्या, मग फुलं. लाइट सव्वाबाराला, तास उतरवायला आणि वर चढवायला. स्टेज सव्वाएकला. साउंड पावणेतीनला. खुर्च्या पावणेचारला. फुलं पावणेपाचला.

चार दिवस आधी मी पाच मेल लिहिले. काकांना गेलेला मेल मला अजून पाठ आहे.

"नमस्कार काका. गुरुवारी हॉलच्या मागच्या गेटवर सव्वाबारा वाजता पोहोचावे. टेम्पो एकच आणावा. सामान उतरवून झाल्यावर टेम्पो लगेच बाहेर काढावा, उतारावर थांबवू नये. स्टेज चोवीस फूट बाय सोळा, उंची अडीच फूट, गालिच्यासह पावणेतीनपर्यंत पूर्ण हवे. कृपया उद्या संध्याकाळी सहापर्यंत पोहोचण्याची वेळ, टेम्पोचा नंबर आणि माणसांची संख्या लिहून कळवावे."

वेळ स्वतः लिहून कळवायची, हा तिचा नियम. नुसतं ओके आलं तर ती परत फोन करायची. ओके म्हणजे वाचलं नाही, असं ती म्हणायची.

काका नेहमी ओकेच पाठवायचे. कधी तेही नाही. या वेळी दहा मिनिटांत उत्तर आलं.

"सव्वाबारा. टेम्पो एक, नंबर खाली दिला आहे. माणसं सहा. गालिचा लाल की निळा, ते कळवावे."

"अगंबाई!" ती म्हणाली. "काकांनी एवढं लिहिलं?"

"सून लिहीत असेल," मी म्हटलं. काकांच्या मुलाचं मागच्या महिन्यात लग्न झालं होतं. मुलगी कुठल्याशा दवाखान्यात हिशेबाचं काम करायची.

"चला, कुणीतरी आलं घरात शहाणं." ती खूश झाली. "लाल म्हणून लिही."

तिने वही मिटली. तो एक तास तसाच राहिला. मी पण काही बोलले नाही. बारा वर्षांत काका एकदाही सव्वाबाराचे सव्वाबाराला आले नव्हते, मग आता का येतील?

* * *

गेटवरच्या पहारेकऱ्याकडे ती नेहमी खऱ्या वेळांचा कागद द्यायची. त्याला खरं कळणं भागच होतं, कारण तो कागद पाहूनच गाडी आत सोडायचा. काकांनी तो कागद कधी पाहिला नव्हता. ते यायचे तेव्हा कागदावरची वेळ झालेलीच असायची.

गुरुवारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी आणि ताई हॉलमध्ये होतो. शिबिराच्या खुर्च्या बाहेर निघत होत्या. पहारेकरी गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या गाडीला हात दाखवत होता. मागून लोखंड आपटल्याचा आवाज आला.

आम्ही उतारावर गेलो. काकांचा टेम्पो उभा होता. माणसं चौकटी उतरवत होती. आठ-दहा फळ्या भिंतीला टेकवून झाल्या होत्या. काका पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, हात मागे बांधून उभे.

"घे!" ते मोठ्याने म्हणाले. "दहा मिनिटं आधी! सुनेने दोन-दोन गजर लावले. सकाळपासून मला खुर्चीला टेकू दिलं नाही पोरीनं. बघ, घड्याळ लाव माझ्यावर."

ताईने मागे गल्लीकडे पाहिलं.

"काका," ती म्हणाली. "जरा थांबवा उतरवणं."

"का? जागा चुकली?"

तेवढ्यात मागे हॉर्न वाजला. लाइटवाल्याचा टेम्पो. सव्वाबाराला अगदी एक मिनिट कमी. गल्लीत त्याच्या मागे शिबिराची गाडी अडकली, तिच्या मागे अजून एक.

पहारेकरी धावत आला. हातात कागद. "ओ काका, तुमची गाडी आत कशी आली? तुमचं सव्वाएक आहे. आत्ता लाइटवाले."

"सव्वाएक? डोळे तपास. सव्वाबारा."

"हे बघा, लिहिलंय."

"आणि हे बघ, मला काय लिहिलंय." काकांनी फोन काढला. चष्मा वर केला, खाली केला. पहारेकऱ्याचा कागद एका हातात, फोन दुसऱ्या हातात. दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिले. त्यांची माणसं फळ्या धरून थांबली.

"टाइप चुकलं असेल," पहारेकरी म्हणाला. "बाईंना विचारा."

काकांनी ताईकडे पाहिलं. टाइप चुकलं म्हणाली असती तर तिथेच संपलं असतं. माझ्यावर ढकललं असतं तरी चाललं असतं. मी तयार होते. मी तोंड उघडलंही.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "मीच तसं लिहायला सांगितलं."

"का?"

"तुम्ही तासभर उशिरा येता म्हणून."

गल्लीत हॉर्न वाजत होते. लाइटवाला खाली उतरून आला होता. काकांनी त्याला विचारलं, "तुला काय वेळ दिली होती?"

"सव्वाबारा," तो म्हणाला. त्याला काय चाललंय ते कळलं नव्हतं.

"कागदावर?"

पहारेकऱ्याने वाचलं. "सव्वाबारा."

"म्हणजे त्याला खरी." काका ताईकडे वळले. "कधीपासून हे?"

"पहिल्या वर्षापासून."

"बारा वर्षं?"



काकांनी माणसांना हात केला. "भरा परत."

भरायला पस्तीस मिनिटं गेली. आधी शिबिराची गाडी मागे, मग तिच्यामागची, मग लाइटवाला मागे, मग काका बाहेर. लाइटवाला मिनिटाला पक्का माणूस, त्याने घड्याळाकडे इतक्या वेळा पाहिलं की मला त्याचीच कीव आली. काका गेटच्या बाहेर टेम्पोत बसून राहिले. ताई दोनदा गेली. त्यांनी काच वर केली होती.

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्टेज टाकलं. चोवीस बाय सोळा, गालिचा लाल, एक सुरकुती नाही. एका शब्दाने कुणाशी बोलले नाहीत.

बाकीचं मग ओळीने घसरत गेलं. साउंडवाला नेहमीच्या पंधरा मिनिटांनी उशिरा, म्हणजे तिच्या खऱ्या वेळेला हजर झाला, आणि त्याला उभं राहावं लागलं. उभं राहून तो पहारेकऱ्याशी बोलला. पहारेकऱ्याने सगळं सांगितलं. साउंडवाल्याने कागद मागितला.

"पंधरा मिनिटं," तो आत येऊन म्हणाला. "ताई, काकांना तास आणि मला पंधरा मिनिटं? एवढीच माझी लायकी?"

तो हसत होता. खुर्चीवालाही हसला. "माझा अर्धा तास बरोबर आहे. मी मान्य करतो. ताई, तू माणूस ओळखतेस."

फुलवाली हसली नाही. पावणेपाचला ती पाट्या घेऊन दारात उभी होती आणि आत खुर्च्यांचा ढीग पडलेला होता. तिने विचारलं, "मला किती?"

"तुला शून्य," ताई म्हणाली. "तुला नेहमी खरी वेळ दिली."

"म्हणजे सगळ्यांना सवलत, आणि वेळेवर येणारी तेवढी वेडी." तिने पाटी खाली ठेवली. "चांगलंय."

सहाला पाहुणे आले तेव्हा स्टेजच्या एका कोपऱ्यात शिडी उभी होती आणि शिडीवर माणूस. कंपनीचा व्यवस्थापक आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, मॅडम." ताईने मान हलवली. तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती काकांच्या माणसांकडे बघत होती. काका समारंभाला थांबत नेहमी, मागच्या रांगेत बसत. त्या दिवशी त्यांनी माणसं ठेवली आणि ते घरी गेले.

* * *

तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या वखारीत गेलो. ताई एकटी जाणार होती. रस्त्यात म्हणाली, "तू चल. मला बोलता नाही आलं तर तू शब्द दे."

मी काही शब्द दिले नाहीत. तसे माझ्याकडे नव्हते.

पत्र्याची लांब शेड. फळ्या आकाराप्रमाणे रचलेल्या, प्रत्येकीच्या कडेला रंगाने आकडा. काका एका पेटीवर बसून बोल्ट निवडत होते. वाकडे एका डब्यात, सरळ दुसऱ्यात. त्यांनी बसा म्हटलं नाही. सुनेने दोन स्टुलं आणून ठेवली.

"चूक माझीच आहे," सून पुटपुटली. "मी गजर लावले नसते तर..."

"तू गप," काका म्हणाले. "वेळेवर पाठवणाऱ्याची चूक कशी होईल?"

ताई म्हणाली, "काका, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"मी खोटी वेळ सांगितली."

"ते चुकलं नाही. धंद्यात सगळे सांगतात. मी पण सांगतो. गिऱ्हाईकाला दोन तास लागतील म्हणतो, दीड लागतात." त्यांनी एक बोल्ट डब्यात टाकला. "मला राग त्याचा नाही आला."

"मग?"

त्यांनी डबा बाजूला सरकवला.

"तुझी काकू जन्मभर म्हणायची, तुम्हाला वेळेचं भान नाही. पोरगाही म्हणायचा. मी म्हणायचो, पावणेताईला विचारा. एवढी काट्यावर चालणारी बाई. एकदा तरी म्हणाली का, काका उशीर झाला? एकदा तरी? मग? भांडणं व्हायची आमची यावरून. ती रुसून बसायची. मी म्हणायचो, तू खोटी, ती खरी."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"काकू गेली. आता मला कळतंय की ती खरी होती. आता हे मी कुणाला सांगू?"

ताई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती मांडीवर हात ठेवून बसली होती.

"मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे. तू कुणालाच दुखवत नाहीस. म्हणून आम्हाला कुणालाच कळलं नाही आम्ही कसे आहोत." काका उठले. "चहा घेऊन जा. कामाचं नंतर बघू."

चहा गोड होता. आम्ही तो उभ्यानेच प्यायलो.

* * *

त्यानंतरचे दोन महिने वाईट गेले. ती खऱ्या वेळा सांगू लागली. कुणी मानेना. साउंडवाल्याला पावणेअकरा सांगितलं की तो मनात पंधरा मिनिटं मिळवायचा, शिवाय त्याच्या नेहमीच्या पंधरा. अर्ध्या तासाने यायचा. खुर्चीवाला तासाने. सगळ्यात वाईट म्हणजे फुलवाली. बारा वर्षं एक मिनिट न चुकलेली बाई एका समारंभाला चाळीस मिनिटं उशिरा आली.

"मलाही हातचा हवा," ती म्हणाली. "मी काय घोडं मारलंय?"

पुढच्या कामाला ती आलीच नाही. दुसऱ्या कुणाकडे गेली.

एक काम हातचं गेलं, मग दुसरं. ताई रात्री झोपत नाही, असं तिच्या नवऱ्याने मला सांगितलं. तो आता थट्टा करत नसे. तिने लग्न अकराचं सांगितलं की तो साडेदहाला बूट घालून बसायचा. ते बघून तिला जास्तच त्रास व्हायचा.

मी तिला पाहत होते. माझी मदत म्हणजे मेल लिहिणं, आणि मेलवरच तर कुणाचा विश्वास नव्हता. साहित्य शिकताना मी वाचलं होतं की लिहिलेला शब्द टिकतो. काय टिकतं ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका कॉलेजचा बक्षीस समारंभ मिळाला. त्याच हॉलमध्ये. छोटं काम. ती म्हणाली, "हे शेवटचं. हे जमलं तर जमलं. नाहीतर मी सोडते."

"सगळ्यांना एकच मेल लिही," ती म्हणाली. "तक्ता कर. सगळ्यांच्या वेळा सगळ्यांना दिसू देत. तोच कागद गेटवर."

मी तक्ता केला. लाइट पावणेअकरा. स्टेज पावणेबारा. साउंड पावणेएक. खुर्च्या पावणेदोन. फुलांसाठी नवा मुलगा, पावणेतीन. शेवटी तिने एक ओळ घालायला सांगितली. "या वेळा खऱ्या आहेत."

मी म्हटलं, "ताई, ही ओळ नको. ज्याला असं लिहावं लागतं..."

"हो," ती म्हणाली. "काढ." मग म्हणाली, "त्याऐवजी लिही, ज्याला उशीर होईल त्याच्यामुळे खालच्या सगळ्यांच्या वेळा बदलतील, आणि त्या मी स्वतः फोन करून बदलेन."

मी लिहिलं. मेल गेला.

साउंडवाल्याचं उत्तर आलं: "पावणेएक. यात किती मिळवू?" खुर्चीवाल्याचं: "ओके." तिने त्याला फोन केला आणि वेळ लिहून मागितली. लाइटवाल्याने वेळ, नंबर, माणसं, सगळं नीट पाठवलं. काकांकडून काही आलं नाही. मुदत संध्याकाळी सहाची होती. पावणेसहा झाले. ती टेबलाजवळून हलली नाही. स्वयंपाक नवऱ्याने केला.

सहाला पाच कमी असताना मेल आला. सुनेनेच लिहिला होता.

"पावणेबारा. टेम्पो एक, नंबर तोच. माणसं चार. बाबा विचारतात, उशीर झाला तर तोंडावर सांगाल का?"

तिने तो दोनदा वाचला. मला लिहायला सांगितलं नाही. स्वतः एका बोटाने टाइप केलं. "सांगेन."

त्या दिवशी लाइटवाला पावणेअकराला आला. साडेअकराला त्याचा टेम्पो बाहेर. उतार मोकळा झाला. पावणेबारा वाजले. उतारावर ताई, मी आणि पहारेकरी.

बारा वाजले.

"येतील," पहारेकरी म्हणाला. "सून माहेरी गेलीय म्हणे. सकाळी वखारीजवळून आलो मी."

बारा वाजून पाच मिनिटांनी टेम्पो वळला. काका उतरले. सदरा एका बाजूने बाहेर आला होता. त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. माणसांना म्हणाले, "चला, चला, हात चालवा."

लाइटवाला दारात उभा होता. त्याचे दोन कामगारही. मला माहीत होतं, बारा वर्षांत तिने हे वाक्य एकदाही उच्चारलेलं नव्हतं, कुणालाच नाही.

"काका," ती म्हणाली. "वीस मिनिटं उशीर झाला."

काका थांबले. मान लाल झाली. "रस्त्यात..." त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिलं.

"पोरांसमोर सांगितलंस," ते म्हणाले.

"तुम्हीच विचारलं होतं."

"विचारलं होतं. सोसायला नको का पण?" ते आत गेले आणि माणसांवर ओरडले. एवढं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पहिली चौकट वाकडी लागली. ती काढून परत लावावी लागली. हॉलमधली ती जुनी शांतता नव्हती. ती आता परत येणार नव्हती, असं मला वाटलं.

ताईने फोन काढला. तिला आता खालच्या तिघांच्या वेळा पुढे सरकवायच्या होत्या. पूर्वी असा फोन कधी करावा लागला नव्हता. पूर्वी हातचा सगळं गिळायचा.

"दादा," ती साउंडवाल्याला म्हणाली. "तुमचं पावणेएक आता एक वाजून पाच. नाही, काही मिळवू नका. एक वाजून पाच म्हणजे एक वाजून पाच. निघाला असाल तर वाटेत थांबा, गल्लीत येऊ नका."

पलीकडून काहीतरी विचारलं. ती घुटमळली. "जरा अडचण आली इकडे..."

स्टेजच्या फळ्यांखालून काकांचा आवाज आला. ते आडवे पडून बोल्ट आवळत होते. फक्त पाय दिसत होते.

"अडचण कसली? माझं नाव सांग त्याला."

ताईने फोनवर हात ठेवला. त्या पायांकडे पाहिलं.

"सांग," काका म्हणाले. "काका उशिरा आले म्हणून सांग."

तिने हात काढला.

"दादा," ती म्हणाली, "काकांना वीस मिनिटं उशीर झाला."